‘चेक डिजिट’ला ताळा म्हणावं का?

सुरंगी: कार्डाच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्याला, म्हणजे चेक डिजिटला, एका लेखात ‘पडताळणी अंक’ म्हटलंय. फारच सरकारी वाटतं. आपला ‘ताळा’ चालेल का?

बाळू: तो मागचा तीन आकडी नंबर ना? तो कुणाला सांगायचा नसतो हं.

सुरंगी: तो सीव्हीव्ही हो. मी पुढच्या सोळातल्या शेवटच्याबद्दल विचारतेय.

विनय: सोपं आहे. पहिल्या आकड्यावरून बँक कळते, शेवटच्यावरून कार्ड खरं की खोटं ते.

नांदेडकर: तितकं सोपं नाही. पहिला ४ असला तर व्हिसा, ३४ किंवा ३७ ने सुरुवात असेल तर अमेरिकन एक्सप्रेस, एवढंच. बँक ओळखायला पहिले सहा आकडे बघायचे. ते पुरेनात म्हणून आता आठ. आणि शेवटच्या आकड्याने खरं-खोटं काही ठरत नाही. ४१११ ११११ ११११ ११११ हा चाचणीचा नंबर घ्या. पहिल्यापासून एक सोडून एक आकडा दुप्पट करा : ४ चे ८, सात एकांचे १४. उरलेले आठ एक मिळवा. बेरीज ३०, शेवटी शून्य आलं, म्हणजे जमलं. असं कार्ड कुणाच्या खिशात असेलच असं नाही.

शैला: मग माझं कोडं सोडवा. परवा कार्डाचं बिल भरताना ३६ च्या जागी ६३ पडलं. बटण दाबायच्या आत नंबर लाल झाला. बँकेला न विचारता कळलं कसं?

नांदेडकर: हे गणित पानावरच होतं, बँकेपर्यंत जावंच लागत नाही. दुप्पट दोन आकडी आली तर तिचे आकडे मिळवायचे. ३६ मध्ये ३ चे ६, अधिक ६ : बारा. ६३ मध्ये ६ चे बारा, म्हणजे १ आणि २ मिळून ३, अधिक ३ : सहा. बेरीज सहाने ढळली. आयबीएमच्या लून यांनी १९५४ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

विनय: म्हणजे आजोबांचा नवाचा ताळाच की!

नांदेडकर: नाही ना. नवाच्या ताळ्यात ३६ काय, ६३ काय, दोन्ही नऊच. अदलाबदल तिथे निसटते. इथे दुपटीमुळे सापडते. म्हणून ‘ताळा’ शब्दाला माझी जरा हरकत आहे.

सुरंगी: पण ताळा जुळतो का बघणं, एवढाच अर्थ घेतला तर?

शैला: मग अदलाबदल कधीच सुटत नाही?

नांदेडकर: शेजारच्या ० आणि ९ ची सुटते. ९ ची दुप्पट १८, पुन्हा ९; शून्याचं शून्यच. ०९ आणि ९० दोन्हीकडे नऊ. एकच आकडा चुकला तर मात्र हमखास पकडला जातो.

बाळू: मी तर ‘शेवटचा आकडा’च म्हणणार.