मदत हवी आहे: लेकीला हिमगौरीच व्हायचंय

मनवा_क: रोज रात्री तेच पुस्तक. काल म्हणाली, "मी काळी, मी राणी नाही होणार." त्यात ती लांब पायांची बाहुली. काय सांगू? शनिवारी शाळेत वेशभूषा आहे, लवकर सांगा.

सुमाकाकू: बेसन, साय, चिमूटभर हळद. आठवड्यातून दोनदा लाव.

मनवा_क: काकू, रंग उजळायचा नाहीये हो!

निशिगंध: वय किती? आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?

मनवा_क: साडेचार. म्हटलं, "काळी असलीस तरी छान दिसतेस."

निशिगंध: तो ‘तरी’च नडतो. काळं असणं ही उणीव, हे त्यातून पक्कं होतं. आधी विचारा, "राणीला काय काय यावं लागतं?" तिचं उत्तर पूर्ण ऐका. मग पुस्तकाकडे या. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत (१८१२) राणी आरशाला सर्वांत सुंदर कोण, एवढंच विचारते. इंग्रजीत त्याचं ‘फेअरेस्ट’ झालं, म्हणजे सुंदरही आणि गोरीही. आपल्याकडे तर नावातच गौरी. वाचताना आरशापाशी थांबा आणि विचारा, "आरशाला कसं कळलं? त्याने कोणाकोणाला पाहिलंय?" मात्र बर्फासारखी गोरी कातडी मूळ कथेतही आहे, तेव्हा नुसता शब्द बदलून भागणार नाही.

गडकरी_ना: एवढा खटाटोप कशाला? पुस्तक माळ्यावर टाका. आपला विठोबा सावळाच आहे की.

निशिगंध: विठोबा पुरुष. मुलीला तिच्यासारखी कोणी दिसायला हवी. द्रौपदी सांगा, काळी म्हणूनच तिचं नाव कृष्णा. पण चित्र आधी तपासा, बऱ्याच पुस्तकांत तिलाही गोरी रंगवलेली असते. आणि पुस्तक लपवलंत तर ते शेजारच्या घरी सापडेल.

रेवा७: बाहुलीचं राहिलंच. नेहमीची साडेअकरा इंची असेल तर सहापट केल्यावर उंची ६९ इंच, म्हणजे पाच फूट नऊ. तिच्या कमरेभोवती दोरा गुंडाळा, तेवढ्याच लांबीचे सहा तुकडे टोकाला टोक लावून चिकटवा आणि आपल्या कमरेला लावून बघा. टोकं जुळत नाहीत.

निशिगंध: गणित बरोबर, पण साडेचार वर्षांच्या मुलीला ‘सहापट’ कळत नाही. तिला फक्त दोरा अपुरा दिसेल आणि निष्कर्ष निघेल, "आई जाडी!" त्यापेक्षा तो जोडलेला दोरा जमिनीवर गोल ठेवा आणि विचारा, "एवढ्याशा पोटात वरणभात मावेल का?" बाहुली उभीही करून बघू दे. हात सोडला की बहुतेक वेळा पडते.

रेवा७: सहा-सात वर्षांच्या मुलांना मापाचं कळतं हो.

निशिगंध: तेव्हा जरूर करा.

मनवा_क: दोरा आज करते. पण शनिवारचं काय? तिला पांढरी पावडर लावायचीय.

सुमाकाकू: पावडर नको, घामाने ओघळते. त्यापेक्षा लक्ष्मीबाई करा, लाकडी तलवार माझ्याकडे आहे.

निशिगंध: तिला विचारलंत का, काय व्हायचंय ते?