अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की
"खड्डा आहे, वायर जोडलीय, तरी फ्रिजला शॉक का लागतो?"

खड्डा नुसता असून भागत नाही हो, आतली माती ओली पाहिजे. आमच्याकडे कोकणात जांभा, मे महिन्यात वायरमनने मीटर लावला तर अर्थिंगचा रोध 20 ओहम! म्हणजे फेज बॉडीला लागली तर 230 भागिले 20, फार तर साडेअकरा अँपिअर जाणार, त्यावर 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडतच नाही आणि बॉडीत करंट तसाच राहतो. मग भोकं पाडलेला अडीच मीटरचा जीआय पाइप उभा पुरला, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. रीडिंग 6 वर आलं, पण तरीही एमसीबी पडायला मिनिटभर लागू शकतं, म्हणून थोडा करंट गळला तरी लगेच सप्लाय तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलीच. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो.