लॉबीतली फरशी, काम सुरू व्हायच्या आत वाचा

सुनीता वहिनी, १०१: मिस्त्रींनी आज डाव्या भिंतीपासून अख्ख्या फरश्या मांडत नेल्या आणि उजवीकडं टपालपेट्यांखाली ६ सेंटिमीटरची पट्टी उरलीय. आत पाऊल टाकलं की पहिली तीच दिसते. अजून माल ओतलेला नाही, नुसतं मांडून बघितलंय. उद्या सकाळच्या आत ठरवा.

कुलकर्णी काका, खजिनदार: फरश्या मोजून आणल्यात. जादा पैसे मिळणार नाहीत.

अमित, ३०३: जिन्यातबी असंच झालंय की. तेव्हा कोण बोललं?

सुनीता वहिनी: मी बोलले होते. मेसेज वर चढून बघा.

माने दादा, २०२: मी टेप लावला. दोन बाय दोन म्हणतात ती फरशी ६० सेंटिमीटरची असते, दोन फुटांना जरा कमी. रुंदी ३०७. पाच बसल्या की सांधे धरून ६ उरतात. मधली फरशी मधोमध धरली तर दोन्हीकडं जेमतेम ३-३ येतील, ते आणखी वाईट. एवढी बारीक पट्टी कापताना मोडते, आणि भिंत थोडी वाकडी असली तरी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक दिसते. म्हणून मधल्या दोरीवर सांधा घ्या. दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अख्ख्या, कडेला ३३-३३ चे तुकडे. अर्ध्या फरशीहून मोठे, डोळ्याला खटकत नाहीत.

कुलकर्णी काका: म्हणजे फरश्या जास्त लागणार. मोजून आणल्यात.

शिंदे काकू, ३०१: माझ्या बाथरूमच्या गळतीचं काय झालं हो?

अमित: काकू, लॉबीचं चाललंय 🙏

माने दादा: काका, पूर्ण ऐका. दहा ओळी आहेत. आत्ताच्या पद्धतीनं ५२ फरश्या, माझ्या पद्धतीनं ६०. पण ५२ मध्ये स्कर्टिंग नाही. त्याला ६० च्या लांबीचे, १० उंचीचे २४ तुकडे हवेत, कापात थोडं जातं म्हणून एका फरशीतून पाचच निघतात, म्हणजे आणखी ५ फरश्या. माझ्याकडं मात्र प्रत्येक कापातून २७ ची पट्टी उरते, असे २० तुकडे. १० सेंटिमीटर उंचीची स्कर्टिंग एकातून दोन निघतात. फरक फक्त ३ फरश्यांचा.

शिंदे काकू: स्कर्टिंग १५ ची घ्या, पोछ्याचं पाणी भिंतीला उडतं.

माने दादा: काकू, १५ केली तर एका तुकड्यातून एकच निघेल, चार कमी पडतील, कापात थोडं जातं म्हणून एका फरशीतून तीनच निघतात, दोन फरश्या वाढतील. आणि शक्यतो कारखान्याची कड वर, कापलेली खाली. कापलेली वर आली तर आतला रंग उघडा पडतो. लांब भिंतीला स्कर्टिंगचे सांधे खालच्या फरशीच्या सांध्यांवरच जुळवा.

कुलकर्णी काका: ३ फरश्या मोजून आणल्या नाहीत.

सुनीता वहिनी: काका, जिन्यातल्या उरलेल्या खोक्यात ४ आहेत, त्याच मालाच्या. गच्चीच्या खोलीत, टाकीमागं. मी आत्ताच बघून आले.

कुलकर्णी काका: मग १० चीच करा. काकू, १५ नाही.

माने दादा: सकाळी ८ ला मी दोरी मारून देतो. तोवर मिस्त्रींना माल कालवू देऊ नका.