क्लाउडचा एसएलए: वाचायचा, की तो वेळ बॅकअपला द्यायचा?

सायली (नाशिक): आमचं गोदामातला साठा आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. गिऱ्हाईक बहुतेक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. आता सगळं ॲमेझॉनच्या EC2 या भाड्याच्या सर्व्हर-सेवेवर, मुंबई रीजनमध्ये न्यायचं ठरतंय. एकच सर्व्हर, महिन्याचं भाडं साधारण ९,००० रुपये. भागीदार म्हणतो, एसएलएमध्ये, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याच्या करारात, ९९.९९ टक्के लिहून दिलंय, मग वाचायचं काय राहिलं? मला वाटतं सही करण्याआधी सगळं वाचावं. तुम्ही काय कराल?

निनाद: भागीदार बरोबर बोलतोय. ९९.९९ म्हणजे अख्ख्या वर्षात ५२ मिनिटं बंद. एवढं तर आपल्या ऑफिसातला सर्व्हर एका दुपारी बंद असतो. त्याहून जास्त बंद पडलं तर पैसे परत मिळतात. उगाच वकिली कशाला?

सर्व्हरखोली: निनाद, ५२ मिनिटांचा हिशेब चुकलेला नाही, पण ते वचन सायलीताईंच्या वाट्याला येतच नाही. EC2 च्या एसएलएमध्ये दोन वेगळी वचनं आहेत. ९९.९९ हे रीजनचं वचन. तुमचे सर्व्हर एकाच वेळी त्या रीजनमधल्या दोन किंवा जास्त झोनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये, चालू असतील आणि ते सगळेच बाहेरून तुटले, तरच ते लागू होतं. एकट्या सर्व्हरसाठी वचन ९९.५ टक्क्यांचं आहे. शिवाय हिशेब वर्षाचा नाही, महिन्याचा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं. त्यांचा अर्धा टक्का २१६ मिनिटं, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं.

आता समजा सर्व्हर एका दिवशी सलग ३ तास बंद राहिला. अपटाइम, म्हणजे चालू राहिलेला वेळ, ९९.५८ टक्के निघतो, म्हणजे वचन पाळलं गेलं आणि क्रेडिट, म्हणजे भाड्यातली सूट, शून्य. ५ तास बंद राहिला तर ९९.३१. हा आकडा ९९.५ च्या खाली आणि ९९ च्या वर आहे, म्हणून त्या सर्व्हरच्या भाड्याचे १० टक्के: ९०० रुपये. ९९ च्या खाली गेलात तर ३० टक्के, आणि पूर्ण भाडं माफ व्हायला अपटाइम ९५ च्या खाली जावा लागतो, म्हणजे महिन्यात ३६ तासांहून जास्त बंद.

हे पैसे हातात येत नाहीत, पुढच्या बिलातून वजा होतात. तेही आपोआप नाही. घटनेनंतरचं दुसरं बिलिंग चक्र संपायच्या आत अर्ज पोचावा लागतो. विषयात `SLA Credit Request` हे शब्द हवेत, आत सर्व्हरचा आयडी, बंद पडल्याच्या तारखा-वेळा आणि त्या दाखवणारे लॉग. ते लॉग बंद पडलेल्या त्याच सर्व्हरवर असतील तर जोडणार काय? म्हणून बाहेरून, दुसऱ्या कुठल्या तरी मशिनवरून, दर मिनिटाला तपासणी चालू ठेवा.

आणि ‘बंद’ कशाला म्हणायचं हेही करारच ठरवतो. सर्व्हरला बाहेरून जोडणी मिळत नसेल तरच ते बंद. डिस्क भरली, डेटाबेस अडकला, गिऱ्हाइकाला बिल काढता येईना. तरी मशिन बाहेरून पोचतंय, म्हणजे ती मिनिटं चालू धरली जातात. तुमच्या सॉफ्टवेअरमुळे, तुमच्या कृतीमुळे किंवा न केलेल्या कामामुळे जे बंद पडतं ते अपवादांत स्पष्ट लिहिलेलं आहे. रोज दिसणारे बिघाड बहुतेक याच जातीचे असतात.

मकरंद (पुणे): मग हे सगळं वाचून मिळालं काय? ५ तास गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन ९०० रुपये. बाकी कुठलीही भरपाई मागता येत नाही, हेही त्याच करारात आहे. माझं मत ठाम आहे: कागदावर घालवायचा तो वेळ बॅकअप परत उभा करून बघण्यात घालवा. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता त्यांचा डेटा गेला तो गेलाच. कुठल्या एसएलएने तो परत आणला?

सर्व्हरखोली: मकरंदराव, बॅकअपबद्दल एक शब्दही वाद नाही. पण बॅकअप कुठे ठेवायचा आणि किती तास बंद राहण्याची तयारी हवी, हे कुठून कळतं? निनाद ५२ मिनिटं धरून बसले होते. तो आकडा गिऱ्हाइकाला सांगितला असता तर सायलीताई अडकल्या असत्या. मी क्रेडिटसाठी वाचत नाही, कुठली जबाबदारी माझ्या गळ्यात आहे हे कळावं म्हणून वाचतो.

हिशेबनीस: सीए आहे, म्हणून विचारतो. डेटा ते सांभाळणारच ना? कंपनी कायद्याप्रमाणे वह्या ८ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर हवा. माझ्या एका अशिलाने जुनं होस्टिंग बंद केलं. शेवटचं बिल वादात होतं म्हणून ते भरलं नाही. पुढे नोटीस आली तेव्हा मागच्या वर्षांच्या नोंदी मागायला गेलो, तर खातंच उरलं नव्हतं. कंपनीने ८ वर्षं डेटा ठेवायला नको होता का?

सर्व्हरखोली: नाही साहेब. ८ वर्षं सांभाळायचं ओझं कायद्याने तुमच्या अशिलावर टाकलंय, होस्टिंगवाल्यावर नाही. आणि यात एक खाचखळगा आहे: करार संपल्यावर डेटाचं काय होणार हे एसएलएमध्ये नसतंच. ते मुख्य ग्राहक करारात असतं, आणि तो तर कुणीच उघडत नाही. ॲमेझॉनच्या करारात समाप्तीनंतर ३० दिवस ते स्वतःहून डेटा काढत नाहीत आणि तुम्हाला तो नेऊ देतात, पण सगळी थकबाकी भरलेली असेल तरच. तुम्ही करार मोडला म्हणून त्यांनी संपवला असेल, तर ते ३० दिवसही धरून चालू नका. मायक्रोसॉफ्ट ९० दिवस मर्यादित खातं चालू ठेवते आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत डेटा पुसते. म्हणजे बिलाचा वाद असेल तर आधी डेटा उतरवून घ्या, मग भांडा. तुमच्या अशिलाचा क्रम उलटा झाला.

हिशेबनीस: हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. वर्षअखेरीला अशिलांकडून डेटाबेसचा पूर्ण डंप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा, हे यापुढे माझ्या यादीत.

मकरंद: डंप घेतला तर तो दुसऱ्या मशिनवर उघडून ताळेबंद जुळवा. न उघडलेला डंप मी बॅकअप धरत नाही.

सायली: भागीदाराला ३ तास ३६ मिनिटांचा हिशेब दाखवला. आता तो म्हणतो, दोन झोनमध्ये दोन सर्व्हर घेऊ, मग ९९.९९ आपलंच. खर्च जवळजवळ दुप्पट. पटतंय का?

सर्व्हरखोली: डेटाबेस कुठे आहे ते आधी सांगा. दोन झोनमध्ये दोन सर्व्हर आणि दोघांचा डेटाबेस एकाच मशिनवर असेल, तर कागदावर ९९.९९ चं वचन तुम्हाला लागू होईल, पण डेटाबेसचं मशिन बसलं की दुकान बंदच. ॲमेझॉनची डेटाबेस सेवा घेतलीत तर तिचा एसएलए वेगळा: एका झोनला ९९.५, अनेक झोनला ९९.९५.

मकरंद: मी तरी दुप्पट खर्च करणार नाही. गोदामं रात्री बंद असतात. दोन तासांत नवा सर्व्हर उभा करता आला तर या गिऱ्हाइकांना पुरे.

सायली: अडचण ही आहे की आमच्या विक्रीच्या माहितीपत्रकात ९९.९ टक्के छापलेलं आहे. म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं.

निनाद: ते सगळेच छापतात.

सर्व्हरखोली: ॲमेझॉनने तुमच्याकडून २१६ मिनिटांची मुभा घेतलीय आणि तुम्ही गिऱ्हाइकाला ४३ चं वचन देताय. मधली १७३ मिनिटं तुमच्या खिशातून. आकडा ९९ वर आणा, किंवा दोन झोन आणि डेटाबेस दोन्हींचा खर्च दरात धरा.

मकरंद: मी तर आकडाच काढून टाकेन. कामाच्या वेळात किती तासांत परत चालू करू, तेवढंच लिहा.

सायली: एका मोठ्या गिऱ्हाइकाने निविदेतच ९९.९ मागितलंय. आकडा काढला तर ते काम हातचं जाईल. डेटाबेसच्या दुसऱ्या झोनचा दर उद्या काढते आणि इथे टाकते.