‘इफ’नंतर ‘विल’: चूक की बरोबर?

परीक्षार्थी_सांगली: क्लासच्या सराव परीक्षेत चूक ओळखायचा प्रश्न होता. वाक्य असं: ‘इफ यू विल वेट हिअर फॉर अ फ्यू मिनिट्स, आय विल कॉल द डॉक्टर.’ मी ‘चूक नाही’वर खूण केली. उत्तरतालिकेत ‘विल वेट’ चूक, ‘वेट’ पाहिजे. सर म्हणाले इफच्या भागात विल कधीच येत नाही. खरंच कधीच?

खडूफळा: सरांचं बरोबर आहे. मी स्वतः आठवी ते दहावी इंग्रजी शिकवते. इफच्या भागात साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या भागात विल. ‘इफ इट विल रेन, आय विल नॉट कम’ हे वर्गातली निम्मी मुलं लिहितात आणि मी दरवेळी गोल करून गुण कापते. अपवाद शिकवायला गेलं की मुलं अपवादालाच नियम करतात. परीक्षेत ‘वेट’च लिहा.

जुनी_वही: बाई, पावसाच्या वाक्याला गोल केलात ते योग्यच. पण डॉक्टरच्या वाक्यातला विल वेगळा आहे. तिथे भविष्यकाळ सांगायचा नाहीये, समोरच्याची तयारी विचारायची आहे: ‘जरा थांबता का, मी डॉक्टरांना बोलावते’. दवाखान्याच्या काउंटरवरची बाई असंच बोलेल. 1611च्या इंग्रजी बायबलमध्येही कुष्ठरोगी येशूला म्हणतो, ‘इफ दाऊ विल्ट, दाऊ कॅन्स्ट मेक मी क्लीन’, म्हणजे तुझी इच्छा असेल तर. हा विल जुना आहे, शुद्ध आहे. प्रश्न काढणाऱ्याने नेमकं चुकीचं वाक्य निवडलं. तिथे ‘वेट’ही चालतं, पण ‘विल वेट’ला चूक ठरवता येत नाही.

पुणेरी_पगार: म्हणजे थोडक्यात, विनंती असेल तर विल चालतो, बाकी कुठेही नाही. ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘इफ यू विल काइंडली’ लिहितो, ते बरोबर. विषय संपला.

जुनी_वही: नाही हो, अर्धाच संपला. विनंती अजिबात नसताना विल लागतो, अशी एक जागा आहे आणि खरी गंमत तिथेच आहे. डॉक्टरांनी सर्दीची गोळी लिहून दिलीय. तुम्ही दोन वाक्यं बोलू शकता.

एक: ‘इफ धिस टॅब्लेट मेक्स मी स्लीपी, आय विल स्टॉप टेकिंग इट.’ आधी गोळी घेतली, मग झोप आली, मग बंद केली. झोप आधी, निर्णय नंतर.

दोन: ‘इफ धिस टॅब्लेट विल मेक मी स्लीपी, आय विल टेक इट अ‍ॅट नाइट.’ इथे झोप अजून यायचीय, ती गोळीनंतर येणार. पण रात्री घ्यायची की दिवसा, हे मला आधीच ठरवायचंय. म्हणजे अट ‘झोप आली’ ही नाही. ‘या गोळीने झोप येते’ हे आज खरं आहे का, ही अट आहे.

पहिल्या वाक्यात ‘विल मेक’ घातलंत तर वाक्य बिघडतं. दुसऱ्यात विल काढला तर वाक्य तसं चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला वाटू शकतं की झोप येते का ते आधी घेऊन बघणार आणि मग वेळ बदलणार. म्हणून कसोटी काळाची नाही, क्रमाची आहे. इफच्या भागातली गोष्ट दुसऱ्या भागातल्या गोष्टीच्या आधी घडते की तिचा परिणाम म्हणून नंतर?

आणि आपल्याला हा फरक उपजत येतो. मराठीत पहिल्याला आपण ‘झोप आली तर बंद करीन’ म्हणतो, दुसऱ्याला ‘झोप येणार असेल तर रात्री घेईन’. दुसऱ्यात ‘झोप आली तर रात्री घेईन’ कोणी म्हणून बघा, विचित्र वाटेल.

बेळगावी: छान, पण एवढ्यावर विसंबू नका. ‘पाऊस पडणार असेल तर छत्री घेते’ हे मराठीत अगदी सहज. तुमच्या हिशेबाने इंग्रजीत ‘इफ इट विल रेन, आय विल टेक अ‍ॅन अम्ब्रेला’ चाललं पाहिजे. क्रमही तुम्ही म्हणता तसाच आहे: छत्री आधी, पाऊस नंतर. पण पाऊस काही छत्रीमुळे पडत नाही! माझे बरेच सहकारी इंग्रजीच बोलत वाढलेले आहेत, त्यांना हे वाक्य खटकतं. ते ‘इफ इट इज गोइंग टू रेन’ म्हणतात.

जुनी_वही: मान्य. मराठीचं ‘णार असेल’ इंग्रजीच्या विलपेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून ते फक्त पहिली चाळणी. परिणाम दुसऱ्या भागातल्या कृतीचा असेल (गोळी घेतली म्हणून झोप, पैसे दिले म्हणून मदत) तिथे विल बिनधास्त. नुसता अंदाज असेल तर गोइंग टू जास्त स्वाभाविक. ‘हवामान खातं म्हणतं तसा उद्या खरंच पाऊस पडणार असेल, तर सामना आजच पुढे ढकलू’ अशा वाक्यात विल ऐकू येतो, कारण तिथे कोणाचं तरी भाकीत उचलून धरलेलं असतं. पण ही सीमा धूसर आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

गॅरेजवाला_बारामती: आमच्याकडच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलंय ‘इफ द इंजिन वोन्ट स्टार्ट, चेक द फ्यूज’. कंपनीचं पुस्तक पण चुकीचं का मग?

जुनी_वही: अजिबात नाही. तिथे वोन्ट म्हणजे इंजिन ऐकतच नाही, नकार देतंय. आपण ‘चालूच होत नसेल तर’ म्हणतो, त्यातला ‘च’ म्हणजे हा वोन्ट. याचाच भाऊ हट्टाचा: ‘इफ यू विल लीव्ह द विंडो ओपन, ऑफ कोर्स द मॉस्किटोज विल कम इन.’ खिडकी उघडी ठेवायचा हट्टच असेल तर डास येणारच. बोलताना विलवर जोर द्यावा लागतो. तो आखडून ‘यूल’ केलात की हट्ट गायब.

नागपूर_मेल: मग ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ पण चुकीचं? मी रोज म्हणते.

बेळगावी: ते वेगळं प्रकरण. तिथे इफचा अर्थ ‘तर’ नाही, ‘की नाही’ आहे. येईल की नाही माहीत नाही. बिनघोर म्हणा.

पुणेरी_पगार: हिंदीत तर ‘बारिश होगी तो’ सरळ भविष्यकाळ चालतो. मला वाटतं अर्ध्या चुका तिथूनच येतात.

खडूफळा: माझ्या वर्गात हिंदी बोलणारी मुलं मोजकीच आहेत, तरी तीच चूक होते. मुलांना दोन्ही भागांत भविष्य दिसतं, म्हणून दोन्हीकडे विल घालतात. गोळीचं उदाहरण मला पटलं, पण दहावीच्या वर्गात ते मी घेणार नाही. चाळीस मुलांत चौघांना कळेल, बाकीची पुन्हा पावसाला विल लावतील. आणि पेपर तपासणाऱ्याकडे उत्तरतालिका असते, चर्चा नसते.

जुनी_वही: वर्गात नका घेऊ. पण मग ‘कधीच नाही’ असंही सांगू नका. ‘सध्या वापरू नका’ सांगा. आणि चूक ओळखायच्या प्रश्नात निदान पावसाचं वाक्य ठेवा, तिथे वाद नाही.

परीक्षार्थी_सांगली: उद्या सरांना डॉक्टरचं वाक्य आणि गोळीची दोन वाक्यं दाखवतो. गुण मिळतील असं वाटत नाही. खऱ्या परीक्षेत असंच वाक्य आलं तर काय करू?

खडूफळा: ‘विल वेट’ला खूण कर.

जुनी_वही: आधी बाकीचे भाग नीट बघ. दुसरी उघड चूक कुठेच नसेल आणि ‘चूक नाही’ हा पर्याय असेल, तर मी तोच निवडेन. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची सोय असेल तर पुराव्यासकट घे.

खडूफळा: आणि हरकत फेटाळली तर गुण तुम्ही देणार का?