मदत हवी आहे: २०० मिमीच्या डिस्कसाठी बार किती लांब कापू?

चिंचोळी_शॉप
साखर कारखान्याच्या कपलिंगसाठी २०० व्यासाच्या, ४० जाडीच्या डिस्क ठोकायच्या आहेत. घनफळ जुळवून बार २५० मिमी कापला. पहिला तुकडा हॅमरखाली वाकला. दुसरा टर्निंगला कडेनं काळाच राहिला. परवा माल द्यायचाय, नेमकी लांबी सांगा.

जुना_हॅमरवाला
बार किती व्यासाचा? २००×४० हे टर्निंगनंतरचं माप का?

चिंचोळी_शॉप
८० चा, ईएन-८. हो, टर्निंगनंतरचं. भट्टी डिझेलची.

बार्शी_टर्नर
एवढी कटकट कशाला? २१० चा राउंड घ्या, सॉवर चकत्या कापा.

चिंचोळी_शॉप
ऑर्डरवर फोर्ज्डच लिहिलंय ओ.

गरम_लोखंड
लोखंड तापलं की फुगतं, ते कुणी धरलंच नाही. दीड टक्का कमी कापा.

जुना_हॅमरवाला
कमी नका कापू. बार थंड कापतो, डिस्कही थंड झाल्यावरच मोजतो, त्यामुळे फुगण्याचा लांबीशी संबंध नाही. लाल डिस्कला कॅलिपर लावाल तेव्हा मात्र तो धरा. थंड २०६ हवं असेल तर गरम असताना २०९ च्या आसपास दिसलं पाहिजे.

आता हिशोब. दर बाजूला ३ मिमी मशिनिंग धरलं की फोर्जिंग २०६×४६ होतं.

```
L = D × D × t ÷ (d × d)
206 × 206 × 46 ÷ (80 × 80) = 305
```

म्हणजे २५० मध्ये मशिनिंगपुरता माल नव्हताच. पण ३०५ कापलात तरी ती व्यासाच्या पावणेचार पट होते. तिपटीवर गेलं की मोकळ्या ठोकण्यात बार वाकतोच, तुमचे २५० सुद्धा तिपटीच्या थोडे वरच आहेत. १०० चा बार घ्या. लांबी १९५ येते, स्केलला ३ टक्के धरून २०१. तुकडा साधारण १२.४ किलो भरेल, वजनावर तपासा.

चिंचोळी_शॉप
१०० चा आज गावात नाही. ९० चा पडलाय.

जुना_हॅमरवाला
मग २४८ कापा. पावणेतीन पट होते, निभेल. पण टोकं काटकोनातच कापा आणि बार सगळीकडून सारखा तापू द्या. एक बाजू काळपट राहिली की तो तिकडेच झुकतो.

काळ्या कडेचं कारण वेगळंही असू शकतं. दाबताना डिस्कचं पोट सुटतं. मधे २०६ भरतं, वरच्या-खालच्या कडेला व्यास कमीच राहतो. डिस्क उभी धरून कड फिरवत ठोका, मग पुन्हा आडवी करून सपाट करा. व्यास कडेपाशी मोजा, पोटावर नाही.

गरम_लोखंड
डिझेल भट्टीत ३ टक्के कमी पडतात. आमच्याकडे ५ धरतात.

जुना_हॅमरवाला
तुमच्याकडे दोनदा तापवत असतील. एक तुकडा तापवण्याआधी आणि ठोकून स्केल झाडल्यावर तोला, आपल्या भट्टीचा आकडा कळेल.

पाकणी_फाटा
मला मधे भोक असलेली रिंग करायची आहे. पंचिंगचा निघालेला गोळा लांबीत धरायचा का?

चिंचोळी_शॉप
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. हॅमरवाले काका, कड उभी ठोकायची ती त्याच तापात, की परत भट्टीत घालून?