घरी चालणारे, पुलावर तुटणारे इअरबड्स

«डबी उघडली की आयफोनवर चित्र येते, सिरियल नंबरही जुळतो, मग घरी नीट चालणाऱ्या एअरपॉड्स प्रोचा आवाज दादरच्या पुलावर का तुटतो?»

चित्र आणि नंबर हे अस्सलपणाचे दोन्ही पुरावे कच्चे आहेत, कारण अस्सल जोडीचा नंबर कितीही डब्यांवर छापता येतो आणि ते चित्र नकली चिपही फोनवर आणू शकते.

तुटण्याचे कारण अँटेनात आहे. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील पाणी शोषून घेते. घरात त्या भिंतींवरून परावर्तित होऊन कानापर्यंत पोहोचतात, उघड्या पुलावर मात्र तो आधार नसतो. अस्सल इअरबडचा अँटेना कानाजवळचे शरीर गृहीत धरून जुळवलेला असतो, नकलेत ही मेहनत बहुधा वाचवलेली असते. फोन मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात ठेवून पाहा. आवाज सलग झाला, तर दोष इथेच आहे. (अर्थात, गर्दीत अस्सल जोडीही क्वचित अडखळते.)

खरी कसोटी पंख्याखाली घ्यावी. नॉइज कॅन्सलेशन चालू करताच पंख्याची घरघर स्पष्टपणे दबली पाहिजे, कारण त्यासाठी मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाची उलटी लहर तत्काळ तयार करावी लागते. स्वस्त नकलेत बहुतेक वेळा केवळ सूचनेचा आवाज वाजतो आणि घरघर तशीच राहते.